पहिलं पाकीट भरायच्या आधीच त्याची कॉस्ट कशी काढायची? कांदा पावडरच्या उदाहरणासह

व्हिडिओमध्ये फळ्यावर जो हिशेब झाला तो इथे सविस्तर, सगळ्या आकड्यांसकट लिहून देतोय. कागद-पेन किंवा एक्सेल उघडून बसा.

गेल्या महिन्यात आपल्या विंचूरचाच एक तरुण दुकानात आला. ड्रायरची ऑर्डर दिलेली, शेड भाड्याने घेतलेली, कांदा पावडरची १०० ग्रॅमची पाकिटं काढायची. एक खरेदीदार सहा महिन्यांसाठी ४५ रुपये पाकीट या भावाने माल घ्यायला तयार होता आणि त्याला आठवड्यात उत्तर हवं होतं. मी विचारलं, "तुला पडतंय किती?" तो म्हणाला, "दादा, सरळ आहे. एक किलो कांद्याची शंभर ग्रॅम पावडर. कांदा १८, पाकीट अडीच, मजुरी तीन, लाईट तीन-साडेतीन. सत्तावीस रुपये. अठरा रुपये सुटतात."

अजून एकही पाकीट तयार नाही, त्यामुळे खरा खर्च वहीतून काढता येणार नाही. पण भाव तर आजच सांगायचाय. अशा वेळी जी कॉस्ट काढतात तिला स्टँडर्ड कॉस्ट म्हणतात. माल नीट, नेहमीच्या वेगाने आणि नेहमीच्या नुकसानीसह बनला तर किती पडायला हवं, तो हा आकडा. तो अंदाजाने ठोकायचा नसतो, खालून वर चढवत आणायचा असतो. आधी कच्चा माल, मग मधला माल, मग तयार पाकीट. यालाच कॉस्ट रोल-अप म्हणतात.

खालचे दर त्या तरुणाच्या युनिटसाठी आम्ही दोघांनी बसून धरलेले आहेत. तुमचे दर वेगळे असतील, पद्धत हीच राहील.

आधी पायऱ्या ओळखा

कांदा पावडरच्या पाकिटात दोन पायऱ्या आहेत. पहिली, ओल्या कांद्यापासून वाळलेल्या चकत्या, म्हणजे फ्लेक्स. दुसरी, फ्लेक्स दळून पाकीट. फ्लेक्स आपणच बनवतो, तरी त्याची कॉस्ट वेगळी काढायची. दोन कारणं आहेत. एक तर नुकसान दोन्ही पायऱ्यांवर होतं आणि एकत्र केलं की ते दिसत नाही. दुसरं म्हणजे फ्लेक्स बाजारात विकतही मिळतात. गुजरातमधल्या महुव्याला कांदा वाळवण्याचे मोठे कारखाने आहेत. आपल्या फ्लेक्सची किलोची कॉस्ट हातात असेल तरच विकत घेणं परवडतं की बनवणं, हे सांगता येईल.

प्रत्येक पायरीला दोन याद्या लागतात. एक घटकांची, म्हणजे बीओएम: कोणती वस्तू, किती, काय दराने. दुसरी कामांच्या क्रमाची, म्हणजे राउटिंग: कोणतं काम, किती माणसं, मशीन किती तास. हिशेब एका पाकिटाचा करायचा नाही, एका बॅचचा करायचा. ड्रायर पाकिटावर चालत नाही, बॅचवर चालतो. आपली बॅच २०० किलो कांद्याची.

पहिली पायरी: २०० किलो कांद्यातून किती फ्लेक्स?

इथेच बहुतेकांचा हिशेब चुकतो. "दहा टक्के उतारा" असं ऐकीव धरू नका. उतारा मोजून काढता येतो. शेंडा, बुडखा आणि साल काढताना आम्ही १२ टक्के घट धरली. उरला १७६ किलो. आपल्याकडच्या लाल कांद्यात पाणी भरपूर असतं, सुका भाग आम्ही ११ टक्के धरला. म्हणजे १७६ किलोमध्ये सुका भाग १९.३६ किलो. फ्लेक्समध्ये शेवटी ६ टक्के ओलावा ठेवायचा, म्हणजे फ्लेक्सचा ९४ टक्के भाग सुका. एक्सेलमध्ये एका ओळीत:

```
=200*0.88*0.11/0.94
```

उत्तर येतं २०.६ किलो. त्यातून करपलेले, काळपट तुकडे निवडून ०.६ किलो बाजूला जातील. चांगले फ्लेक्स २० किलो. हा झाला स्टँडर्ड उतारा.

कांद्याचा दर १८ रुपये धरला. हा लिलावातला भाव नाही. लासलगाव बाजार समितीच्या विंचूर उपबाजारात क्विंटलला जो भाव फुटतो त्यावर हमाली, बाजाराचा खर्च, गोणी आणि गाडीभाडं धरून शेडच्या दारात पडणारा हा दर आहे. घरचा कांदा असेल तरी तो फुकट धरू नका. तोच कांदा बाजारात नेला असता तर जे मिळालं असतं, तो त्याचा दर. आणि चाळीतला साठवलेला कांदा वापरणार असाल तर घट धरा. १८ रुपयांचा कांदा चाळीत पाव भाग घटला की उरलेल्या कांद्याचा दर १८ भागिले ०.७५, म्हणजे २४ रुपये होतो.

आता राउटिंग. निवडणं आणि सोलणं, ताशी एका बाईकडून २० किलो धरून १० तास. धुणं आणि कापणं, दोन माणसं एक तास, म्हणजे २ तास. ट्रे भरणं, मध्ये फिरवणं, उतरवणं ३ तास. निवड करून डब्यात भरणं १ तास. एकूण १६ माणूस-तास. ड्रायर चालणार १० तास.

मजुरीचा ताशी दर काढताना दिवसाचा पगार आठने भागू नका. रोज, पीएफ, बोनस, भरपगारी सुट्टी मिळून एका माणसाचा दिवस ४५५ रुपयांना पडतो असं धरलं. आठ तासांत चहा, जेवण, साफसफाई, वाट बघणं वजा जाता काम साडेसहा तास होतं. ४५५ भागिले ६.५, म्हणजे ७० रुपये तास. आठने भागलं असतं तर ५७ आले असते आणि प्रत्येक तासाला १३ रुपये हवेत गेले असते.

लाईटचं बिलही मोजून येतं. १७६ किलो कापलेल्या कांद्याचे २०.६ किलो फ्लेक्स होताना जवळपास १५५ लिटर पाणी उडवायचं आहे. एक लिटर पाणी उडवायला कमीत कमी ०.६५ युनिटच्या आसपास उष्णता लागतेच, म्हणजे १०० युनिट. ट्रे ड्रायरमध्ये बरीच उष्णता गरम हवेबरोबर बाहेर जाते, म्हणून आम्ही दुप्पट, २०० युनिट धरले. युनिटला ९ रुपये, एकूण १८००. मशीन विकणारा बॅचला ८० युनिट सांगत असेल तर त्याला एवढंच विचारा, "मग पाणी कशाने उडतं?"

ओव्हरहेड: तास कोणते धरायचे?

माल बनो न बनो, महिन्याला जाणारा खर्च असा धरला: शेडभाडं १२,०००, सुपरवायझर १६,०००, मशीनचा घसारा १०,०००, दुरुस्ती-विमा-तपासणी-लायसन्स ६,०००. एकूण ४४,०००. शेडची जागा, मशीनची किंमत आणि सुपरवायझरचा वेळ बघून यातले ३०,००० वाळवण विभागाला आणि १४,००० दळण-पॅकिंग विभागाला वाटले.

आता भागायचं कशाने? वाळवणात अडतं ते ड्रायरवर, म्हणून तिथे ड्रायरचा तास हे माप. ड्रायर चोवीस तास चालू शकतो, म्हणून महिन्याला ६०० तास धरायचे का? नाही. तेवढे तुम्ही कधीच चालवणार नाही, मग दर खोटाच कमी दिसेल. पहिल्या महिन्यात आठच बॅच होणार, म्हणून ८० तास धरायचे का? तेही नाही. धंदा बसल्यावर साधारण महिन्याला जेवढ्या बॅच होतील तेवढ्या धरायच्या. सुट्ट्या, लाईट जाणं, कांदा न मिळणं जमेला धरून आम्ही २० बॅच धरल्या. २०० तास. ३०,००० भागिले २००, म्हणजे ड्रायरच्या तासाला १५० रुपये.

आता फ्लेक्सची बेरीज (एक बॅच, २० किलो):

- कांदा, २०० किलो × १८ = ३,६००
- मजुरी, १६ तास × ७० = १,१२०
- लाईट, २०० युनिट × ९ = १,८००
- ओव्हरहेड, १० तास × १५० = १,५००
- एकूण ८,०२०, म्हणजे किलोला ४०१ रुपये

दुसरी पायरी: २० किलो फ्लेक्सची पाकिटं किती?

२०० पाकिटं, असं उत्तर मनात आलं असेल तर थांबा. दळताना ४ टक्के धूळ होऊन उडते आणि चक्कीत अडकते. उरली १९.२ किलो. पाकिटावर १०० ग्रॅम छापलंय, त्यामुळे कमी भरून चालणार नाही. हाताने चालणारं भरण्याचं मशीन थोडं मागेपुढे होतंच, म्हणून ते सरासरी १०२ ग्रॅमवर लावायचं. पाकिटं झाली १८८. त्यातली ३ सीलला गळतात. त्यातली पावडर ओल धरते, म्हणून परत वापरत नाही. चांगली पाकिटं १८५. बॅचची सगळी कॉस्ट आता या १८५ वर बसणार, २०० वर नाही.

दळणाला तयारी अर्धा तास आणि दळण एक तास, एक माणूस. पॅकिंगला तयारी अर्धा तास आणि भरणं दीड तास, दोन माणसं. विभाग चालला साडेतीन तास, माणूस-तास साडेपाच. महिन्याच्या २० बॅचचे ७० तास, म्हणून ओव्हरहेडचा दर १४,००० भागिले ७०, तासाला २०० रुपये.

- फ्लेक्स, २० किलो × ४०१ = ८,०२०
- रिकामी पाकिटं, १९० × २.५० = ४७५
- खोका, १८५ × ०.६० = १११
- मजुरी, ५.५ तास × ७० = ३८५
- लाईट, ६ युनिट × ९ = ५४
- ओव्हरहेड, ३.५ तास × २०० = ७००
- एकूण ९,७४५, भागिले १८५, म्हणजे पाकिटाला ५२.६८ रुपये

रिकामी पाकिटं १९० लागतात, कारण १८८ भरली आणि मशीन लावताना दोन वाया गेली. पाकिटावरचा जीएसटी परत मिळत असेल तर कॉस्टमध्ये घेऊ नका. कंपोझिशनमध्ये असाल तर तो मिळत नाही, मग घ्या.

तयारीच्या एका तासाकडे लक्ष द्या. बॅच अर्धी केली तरी तो तेवढाच राहतो. त्या तासाचे ओव्हरहेड आणि मजुरी मिळून ३०५ रुपये. १८५ पाकिटांवर ते पाकिटाला १.६५ पडतात, अर्ध्या बॅचवर ३.३० च्या आसपास.

आता ४५ रुपयांचं काय करायचं?

५२.६८ चे तुकडे उलगडून बघू. दुसऱ्या पायरीवर "फ्लेक्स ८,०२०" असा एकच आकडा दिसतो, पण त्याच्या पोटात कांदा, मजुरी, लाईट, ओव्हरहेड सगळं आहे. दोन्ही पायऱ्या मिळून एका पाकिटात:

- कांदा १९.४६
- पाकीट आणि खोका ३.१७
- मजुरी ८.१४
- लाईट १०.०२
- ओव्हरहेड ११.८९

ही फोड एक्सेलमध्ये दोन्ही पायऱ्यांवर वेगळ्या रकान्यात ठेवा, नाहीतर निर्णय घेता येत नाही. ओव्हरहेड सोडून पाकीट पडतं ४०.७८ रुपयांना. म्हणजे ४५ ला विकलं तर प्रत्येक पाकिटामागे सव्वाचार रुपये सुटतात, पण त्यातून महिन्याचे ४४,००० निघत नाहीत. ३,७०० पाकिटांची विक्री १,६६,५००, कॉस्ट १,९४,९००. महिन्याला २८,४०० रुपये तोटा. त्याच्या डोक्यातल्या २७ रुपयांच्या हिशेबाने त्याच महिन्यात ६६,६०० नफा होणार होता.

ड्रायर रिकामा पडला असेल आणि एखादी सुटी ऑर्डर ४५ ची आली, तर घेता येईल, कारण ४०.७८ च्या वर जे मिळेल ते तेवढं भाडं भागवेल. पण सहा महिने सगळा माल त्याच भावाला बांधून देणं वेगळं. आणि ५२.६८ ही फक्त शेडमधली कॉस्ट आहे. पोचवण्याचं भाडं, दुकानदाराचं मार्जिन, उधारीचं व्याज अजून यायचंय.

त्याचा चेहरा पडला. मग आम्ही यादीवर परत बोट ठेवून गेलो. लाईटचे दहा रुपये आणि सोलण्याची मजुरी, या दोन जागा मोठ्या. दिवसा सोलर ड्रायरमध्ये अर्धं पाणी उडवून मग इलेक्ट्रिक ड्रायर लावला तर? विकतचे फ्लेक्स आणून फक्त दळण-पॅकिंग केलं तर? त्यासाठी तुलना ४०१ शी करायची नाही. शेड आणि ड्रायर घेऊनच झालेत, त्यांचा खर्च विकतचे फ्लेक्स आणले तरी जाणारच. वाळवणाचं ओव्हरहेड सोडून फ्लेक्स किलोला ३२६ रुपयांना पडतात. विकतचे फ्लेक्स शेडपोच ३२६ च्या आत मिळाले तर विकत घेणं स्वस्त. ड्रायरची ऑर्डर रद्द होऊन ॲडव्हान्स परत मिळत असेल, तर मात्र घसारा आणि दुरुस्तीही त्यात मिळवून बघायची. तो खरेदीदाराकडे आठ दिवसांची मुदत मागायला गेला आणि जाताना महुव्याचे भाव काढायचं काम घेऊन गेला.

कांद्याचा भाव बदलला की रोज कॉस्ट बदलायची का?

नाही. कांद्याचा दर किलोला एक रुपया वाढला की पाकीट १.०८ ने महागतं, कारण एका चांगल्या पाकिटात १.०८ किलो ओला कांदा जातो. हा आकडा भिंतीवर लिहून ठेवा. कांदा ३५ ला गेला की पाकीट ७१ च्या पुढे. हे आपल्याकडे कसं होतं ते सांगायला नको. ऑगस्ट २०२३ मध्ये निर्यातीवर ४० टक्के शुल्क लागलं, ८ डिसेंबर २०२३ ला निर्यातच बंद झाली आणि मे २०२४ मध्ये उठली. अशा प्रत्येक निर्णयाबरोबर लिलाव हलतो.

स्टँडर्ड दर हंगामाला एकदा ठरवायचा आणि ठेवायचा. प्रत्यक्ष खरेदी त्याच्या वर-खाली गेली तर तो फरक वेगळा लिहायचा. तसं केलं नाही तर महिन्याअखेर कॉस्ट वाढलेली दिसते, पण बाजाराने वाढली की आपल्या शेडमध्ये माल वाया गेला हे कळत नाही. सहा महिन्यांचा भाव देताना मात्र कांद्याच्या दराशी जोडलेली अट घाला: १८ च्या वर प्रत्येक रुपयाला पाकिटामागे १.०८.

पहिल्या बॅचनंतर काय तपासायचं?

चार ठिकाणी वजन-मोजणी करा: सोलल्यावर, ड्रायरमधून काढल्यावर, दळल्यावर, आणि चांगली पाकिटं किती. स्टँडर्ड आहे १७६, २०.६, १९.२ आणि १८५. कुठला आकडा आधी तुटला ते बघा, दोष त्या टप्प्यावर आहे.

एका गोष्टीला फसू नका. ड्रायरमधून २१.५ किलो निघाले तर खूश होऊ नका. सुका भाग तोच १९.३६, म्हणजे वरचं वजन पाण्याचं आहे आणि ओलावा ६ ऐवजी १० टक्के राहिलाय. ती पावडर पाकिटात गोळा होऊन माल परत येईल. उलट २० च निघाले तर एक तर जास्त वाळवून लाईट जाळली, नाहीतर कांद्यात सुका भागच कमी होता. सोललेल्या कांद्याचा १०० ग्रॅमचा नमुना पूर्ण वाळवून वजन केलं की कोणतं ते कळतं.

पहिल्या महिन्यात आठच बॅच झाल्या तर ओव्हरहेड वसूल होईल ८ × २,२०० = १७,६००. खर्च झाले ४४,०००. राहिलेले २६,४०० पाकिटांवर टाकले तर पाकीट साडेसत्तर रुपयांचं दिसेल, तुम्ही भाव वाढवाल आणि विक्री अजून घटेल. ते २६,४०० रिकाम्या ड्रायरचे आहेत, पाकिटाचे नाहीत. ते त्या महिन्याच्या नफा-तोट्यात सरळ लिहा. साठ्याची किंमत लावण्याच्या आपल्या लेखा मानक २ मध्येही हाच नियम आहे: स्थिर ओव्हरहेड नेहमीच्या क्षमतेवर वाटायचं, कमी उत्पादन झालं म्हणून साठ्याची किंमत फुगवायची नाही. सीए साठा तपासतात तेव्हा हा कागद त्यांना दाखवा.

तीन बॅच झाल्या की उतारा आणि तास खऱ्या आकड्यांनी बदला, आणि मग स्टँडर्ड पक्कं करा. पण सोलणाऱ्या बायकांचा पहिल्या आठवड्याचा वेग धरू नका, हात बसायला वेळ लागतो. तिसऱ्या बॅचचा वेग धरा.

पुढच्या व्हिडिओत हाच हिशेब विकतच्या फ्लेक्सवर करून बघू. तोपर्यंत तुमच्या मालाच्या पायऱ्या किती, एवढं कागदावर मांडून ठेवा.